‘पेपर कठीण होतो’

पिंगुळीत पाचवीच्या वर्गाला शिकवताना मी एक वाक्य मुलांकडून कधीच ऐकून घेतलं नाही. ‘गुरुजी, पेपर कठीण होतो.’ कोणी असं म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: पेपर सगळ्यांना सारखाच असतो, अभ्यास कमी पडला असं सांग. गुणांवर माझा पक्का विश्वास होता. 25 पैकी 17 म्हणजे 17 आणि 14 म्हणजे 14. या दोन आकड्यांमध्ये वाद घालण्यासारखं काही असतं, हे मला पटत नसे. आज मी उलट मताचा आहे. हे मत कसं बदललं आणि त्याआधी माझ्या हातून काय घडलं, ते सांगायचं आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी मी बरीच वर्षं करून घेतली. त्या परीक्षेत 75 प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. मी सरावासाठी गणिताच्या 25 प्रश्नांच्या चाचण्या स्वतः काढायचो. पेपर तपासून झाले की मोठ्या आखीव कागदावर तक्ता करायचो. उभ्या ओळीत मुलांची नावं, आडव्या ओळीत प्रश्न 1 ते 25, आणि प्रत्येक चौकटीत बरोबर किंवा चुकीची खूण. शेवटच्या रकान्यात बेरीज. नंतर मी फक्त तो शेवटचा रकाना वाचायचो. बाकीच्या सहाशे चौकटी मी नुसत्या भरत होतो, वाचत नव्हतो, हे मला फार उशिरा कळलं.

2017-18 च्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीनंतरच्या चाचणीत त्याला 17 गुण पडले. पुढच्या वर्षी त्याची धाकटी बहीण माझ्याच वर्गात आली. त्याच सुमाराच्या चाचणीत तिला 14 पडले. 15 किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या मुलांना मी शाळा सुटल्यावर जादा तासाला बसवत असे. ती त्यात बसली नाही. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘गुरुजी, झिलाक सतरा, चेडवाक चौदा. चेडू कमी पडता काय?’ मी म्हणालो, ‘थोडी कमी पडता.’ मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, ‘पेपर कठीण होतो.’ आणि मी तिला माझं ठरलेलं उत्तर दिलं.

2022 साली राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा अहवाल आला. 12 नोव्हेंबर 2021 ला देशभर तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांची ती चाचणी झाली होती. अहवालातले आकडे 500 पैकी होते. मला प्रश्न पडला, 500 गुणांचा पेपर मुलांनी सोडवला तरी कधी? एका प्रशिक्षणात मी तो विचारला, आणि उत्तर मिळालं की ते गुण नाहीतच, ती मोजपट्टी आहे. एनसीईआरटीच्या याआधीच्या पाचवीच्या एका सर्वेक्षणात देशाची सरासरी 250 धरून ही पट्टी आखली होती. त्यामागच्या पद्धतीचं नाव आयटम रिस्पॉन्स थिअरी, म्हणजे प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त. तिथे मला एक वाक्य ऐकायला मिळालं, ते मी वहीत लिहून घेतलं: मुलाला पडलेले गुण हे मुलाचे एकट्याचे नसतात, ते मूल आणि पेपर या दोघांचे मिळून असतात.

मला ते लगेच पटलं नाही. बेरजेच्या पद्धतीलाही शास्त्र आहे, हे मी डी.एड.ला शिकलो होतो. त्या शास्त्रात मानतात की मिळालेला गुण म्हणजे खरा गुण अधिक चूक. चूक कधी वर, कधी खाली. पुष्कळ प्रश्न घातले की ती आपोआप निवळते. तिथे प्रश्नाची काठिण्य पातळीही काढतात. वर्गातल्या किती टक्के मुलांना तो आला, एवढाच तिचा अर्थ. पण तोच प्रश्न हुशार वर्गाला दिला तर 80 टक्के मुलांना येतो आणि कच्च्या वर्गाला दिला तर 40 टक्क्यांना. मग तो सोपा की कठीण? प्रश्नाचं काठिण्य वर्गावरून ठरवायचं आणि वर्गाची हुशारी प्रश्नांवरून ठरवायची, असा तो फेरा आहे. दोन टोकं एकमेकांना बांधलेली आहेत, आणि दोन्ही हलतात.

प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त हा फेरा सोडवतो. तो मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच पट्टीवर मांडतो. मुलाची क्षमता प्रश्नाच्या काठिण्याइतकीच असेल तर तो प्रश्न बरोबर येण्याची शक्यता निम्मी, 50 टक्के. मूल प्रश्नापेक्षा एका मापाने वर असेल तर शक्यता 73 टक्के, दोन मापांनी वर असेल तर 88. एका मापाने खाली असेल तर 27, दोन मापांनी खाली असेल तर 12. या मापाला लॉजिट म्हणतात. शक्यता 100 वर कधीच पोचत नाही आणि शून्यावर कधीच येत नाही, म्हणून आलेख वर आणि खाली वाकतो. हा सर्वांत साधा प्रकार. तो डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी 1960 साली पुस्तकात मांडला. त्यांच्यापुढे आलेला प्रश्न वाचनात मागे पडलेल्या मुलांचा होता. ती मुलं वेगवेगळ्या वयात वेगवेगळे उतारे वाचत होती. चुकांचे आकडे हातात होते, पण चुका कमी झाल्या त्या मूल सुधारलं म्हणून की उतारा सोपा म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. ते वाचलं तेव्हा मला त्या दोन भावंडांची आठवण झाली. माझ्याकडे वेगवेगळे उतारे नव्हते, पण वेगवेगळे पेपर होते.

जुने तक्ते मी टाकले नव्हते. एका रविवारी ते काढून बसलो.

मला एक सोय होती, आणि ती मी मुद्दाम केलेली नव्हती. दरवर्षी नवा पेपर काढताना मी पाच प्रश्न जुनेच ठेवायचो, कारण ते मला आवडायचे. त्यातला एक पिंगुळीचाच होता: एका कळसूत्री बाहुलीला 6 दोऱ्या, प्रत्येक दोरी 75 सेंटीमीटर, तर 8 बाहुल्यांना किती मीटर दोरी लागेल? उत्तर 36 मीटर. दोन्ही वर्षी पेपर तपासल्यावर मी पेपरही परत गोळा करून घेतले होते. म्हणजे दोन वेगळ्या वर्गांनी सोडवलेले पाच समान प्रश्न माझ्या तक्त्यात होते. या शास्त्रात अशा प्रश्नांना अँकर म्हणतात, नांगर. मालवणच्या किनाऱ्याला नांगर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दोन होड्या एकाच नांगराला बांधल्या तर त्यांतलं अंतर मोजता येतं.

भावाच्या वर्गात 24 मुलं होती. पाच समान प्रश्नांची उत्तरं मिळून 120. त्यांतली बरोबर 72, म्हणजे 60 टक्के. बहिणीच्या वर्गात 20 मुलं. उत्तरं 100, बरोबर 60. पुन्हा 60 टक्केच. प्रश्नागणिक पाहिलं तरी क्रम तोच होता. सर्वांत सोपा प्रश्न भावाच्या वर्गात 20 मुलांना आला, म्हणजे 83 टक्के; बहिणीच्या वर्गात 17 जणांना, 85 टक्के. बाहुल्यांचा प्रश्न तिकडे 11 जणांना, 46 टक्के. इकडे 9 जणांना, 45 टक्के. हे दोन वर्ग तोलामोलाचे होते.

मग उरलेले 20 प्रश्न पाहिले. ते दोन्ही वर्षी वेगळे होते. भावाच्या वर्गाची 480 उत्तरं, त्यांत बरोबर 336, म्हणजे 70 टक्के. बहिणीच्या वर्गाची 400 उत्तरं, बरोबर 220, म्हणजे 55 टक्के. सारख्याच ताकदीचे दोन वर्ग एका पेपरवर सरासरी 17 मिळवतात आणि दुसऱ्या पेपरवर 14. भाऊ आपल्या वर्गाच्या बरोबर सरासरीवर होता. बहीण आपल्या वर्गाच्या बरोबर सरासरीवर होती. समान पाच प्रश्नांपैकी दोघांनी प्रत्येकी तीन बरोबर सोडवले होते. भावाचे 17 आणि बहिणीचे 14 हे एकाच उंचीवरचे दोन आकडे होते.

पेपर किती कठीण झाला होता तेही काढता येतं. भावाच्या पेपरात 20 पैकी 14 बरोबर, 6 चूक. बरोबर-चुकीचं प्रमाण 14 भागिले 6, म्हणजे 2.33. बहिणीच्या पेपरात 11 बरोबर, 9 चूक, प्रमाण 1.22. पहिल्याला दुसऱ्याने भागलं तर 1.9 येतात. म्हणजे त्याच ताकदीच्या मुलाचं बरोबर-चुकीचं प्रमाण नव्या प्रश्नांवर जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. लॉजिटमध्ये तो फरक 0.65 आहे. हे ढोबळ गणित आहे, कारण त्यात मी सगळे प्रश्न एकाच काठिण्याचे धरले. संगणकावर करताना प्रत्येक प्रश्नाचं काठिण्य वेगळं काढतात. पण दिशा आणि आकार यातूनही कळतो. पहिल्या पेपरातल्या 15 गुणांची बरोबरी दुसऱ्या पेपरात साधारण 12 गुणांशी होत होती. मी रेषा 15 वरच ठेवली. 12, 13 आणि 14 गुणांची सहा मुलं त्या रेषेखाली राहिली. आदल्या वर्षी ती जादा तासाला बसली असती.

पेपर कठीण होता. ती मुलगी खरं बोलत होती.

इथे मला एका शंकेचं उत्तर द्यावं लागेल, कारण मला स्वतःलाच ती आधी आली. समान प्रश्न फुटले असतील तर? भावाने बहिणीला घरी सांगितले असतील तर? तसं झालं असतं तर त्या पाच प्रश्नांवर तिचा वर्ग फुगला असता आणि बाकीचा पेपर उगाच कठीण दिसला असता. हे ओळखायची एक रीत आहे. फुटलेले प्रश्न सहसा सगळे एकदम फुटत नाहीत. एखाददुसराच वर उसळतो आणि क्रम मोडतो. माझ्या पाचही प्रश्नांचा क्रम दोन्ही वर्षी तोच राहिला आणि कुठलाही टक्का उसळला नाही. तरी मला हे मान्य आहे की पाच प्रश्न थोडे आहेत आणि वीस मुलं त्याहून थोडी. समान प्रश्न पेपरच्या निदान पाचव्या हिश्शाइतके असावेत असा दंडक आहे. 25 पैकी पाचांनी तो जेमतेम पाळला. साधं राशचं गणितही शे-दोनशे मुलांवर भरवशाचं होतं. माझा 0.65 हा आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो. पण तो शून्य होता असं मानून मी सहा मुलांना घरी पाठवलं, आणि तसं मानायला माझ्याकडे कुठलाच आधार नव्हता.

यानंतर माझ्याकडून दुसरी चूक झाली, ती उत्साहाची. मला वाटलं, आता कळलं: एकाच पेपरात 14 गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी ज्याने कठीण प्रश्न सोडवले ते जास्त हुशार. मी तसं दोघा-तिघा शिक्षकांना सांगूनही टाकलं. ते चुकीचं होतं. राशच्या पद्धतीत पेपर एकच असेल आणि एकूण गुण सारखे असतील, तर क्षमतेचा अंदाजही सारखाच येतो. कोणते 14 आले, याने तो बदलत नाही. कारण कठीण प्रश्न सोडवणाऱ्याने सोपे चुकवलेले असतात, आणि दोन्हींचा हिशोब बरोबर फिटतो. म्हणजे बेरजेला या पद्धतीत खालची जागा नाही. एकाच पेपरात, एकाच दिवशी, बेरीज ही मुलाच्या क्षमतेविषयीची सगळी माहिती देते. उत्तरांची ठेवण मात्र एक वेगळी गोष्ट सांगते: सोपे प्रश्न चुकलेले आणि कठीण आलेले असले, तर त्या मुलाच्या बाबतीत काहीतरी विचारण्यासारखं आहे. चारातला एक पर्याय नुसता ठोकला तरी 25 टक्के वेळा बरोबर येतो. पेपर घाईत सुरू केला असेल, शेजारच्याचं पाहिलं असेल. अशा मुलाशी बोलावं. त्याचे गुण वाढवू नयेत.

या सिद्धान्ताचा पुढचा प्रकार प्रत्येक प्रश्नाला भेदक क्षमताही देतो: हुशार आणि कच्च्या मुलांना तो किती चांगला वेगळा करतो, ते माप. तिथे मात्र कुठला प्रश्न आला याला वजन येतं. हे मला माझ्याच एका प्रश्नाने शिकवलं. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मी घातला होता: गटात न बसणारं ओळखा. आंबा, फणस, काजू, नारळ. माझं उत्तर नारळ, कारण माडाला फांद्या नसतात. तक्त्यात पाहिलं तर वरच्या सहा मुलांपैकी एकालाच तो आला होता, आणि खालच्या सहांपैकी तिघांना. हुशार मुलांना कमी आणि कच्च्यांना जास्त. भेदक क्षमता उणे. वरच्या गटातल्या उरलेल्या पाचही मुलांनी काजू निवडला होता. मी एकाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, काजूची बी फळाच्या बाहेर असते, बाकीच्यांची आत. तो बरोबर होता. त्याच्या परड्यात काजूची झाडं होती, त्याने फळ हातात धरून पाहिलं होतं. माझा प्रश्न चुकीचा होता, आणि बेरजेत त्याने चुकीच्या मुलांना गुण दिले होते.

असा प्रश्न जुन्या पद्धतीतही सापडतो, हे सांगायलाच हवं. वरच्या गटातून खालचा गट वजा करायला नवा सिद्धान्त लागत नाही. मी ते कधी केलं नव्हतं, एवढंच. नवा सिद्धान्त त्यापुढचं दाखवतो: प्रश्न कुठल्या क्षमतेच्या मुलांजवळ काम करतो आणि कुठे करत नाही. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, कारण ती माझ्या बक्षिसांबद्दल होती.

चाचणीत पहिल्या येणाऱ्या मुलाला मी कंपासपेटी द्यायचो. 25 पैकी 24 गुण पहिला, 23 दुसरा. आता हिशोब पाहा. सोयीसाठी सगळे प्रश्न सारख्या काठिण्याचे धरू. मधल्या पट्ट्यात 12 गुणांवरून 13 वर गेलं तर क्षमतेत 0.16 लॉजिटची भर पडते. 23 वरून 24 वर गेलं तर 0.74 ची. एकच गुण, पण वर गेल्यावर तो साडेचारपट मोठा होतो. हे वाचून वाटेल की मग पहिल्या मुलाचं अंतर खरंच मोठं आहे. पण त्याच ठिकाणी अंदाजातली चूकही वाढते. 13 गुणांच्या मुलाच्या अंदाजात 0.4 लॉजिटची चूक संभवते, 24 गुणांच्या मुलाच्या अंदाजात 1.02 लॉजिटची. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर 0.74, आणि मोजण्यातली चूकच त्याहून मोठी. कारण उघड आहे. ज्या मुलाला सगळंच येतं त्याला आपण सोपे प्रश्न विचारत राहिलो, आणि त्या उत्तरांतून त्याच्याविषयी काहीच कळत नाही. प्रश्न येण्याची शक्यता निम्मी असते तेव्हा त्याचं उत्तर सर्वांत जास्त सांगतं. 25 पैकी 25 मिळवणाऱ्या मुलाची क्षमता तर या पद्धतीत सांगताच येत नाही. ती पेपरच्या वर कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं.

बेरजेच्या शास्त्रात साधारणपणे सगळ्यांना एकच चूक लावतात: सगळ्या वर्गाला मिळून एक आकडा. म्हणून माझा समज होता की पहिला आणि दुसरा हा निवाडा 12 आणि 13 इतकाच पक्का आहे. तो सर्वांत कच्चा निवाडा होता. मी वर्षानुवर्षं ज्या जागी कंपासपेटी दिली, तिथे माझा पेपर मोजतच नव्हता.

मग शिष्यवृत्ती परीक्षेतले गुण मोडीत काढावेत असं मी म्हणतो का? नाही. तिथे एका इयत्तेचा पेपर एकाच दिवशी सगळ्या राज्याला असतो. त्या एका वर्षाच्या आत बेरजेने लावलेला क्रम योग्य आहे, आणि त्याला एक मोठा गुण आहे: उत्तरसूची पाहून आई-वडील घरी बसून गुण स्वतः मोजू शकतात. प्रश्न-प्रतिसादाचा आकडा घरी मोजता येत नाही. शिवाय नांगराचे प्रश्न गुप्त राहावे लागतात, आणि आपल्याकडे परीक्षा संपली की पेपर मुलांच्या हातात असतो. हे चांगलंच आहे, पण त्याची किंमत म्हणजे यंदाची गुणवत्ता यादी आणि गेल्या वर्षीची यादी शेजारी ठेवून काही म्हणता येत नाही. ‘यंदा आपल्या शाळेची सरासरी दहा गुणांनी घसरली’ हे वाक्य मी सभेत बोललो आहे. ते वाक्य पेपरविषयी होतं की मुलांविषयी, हे मला माहीत नव्हतं.

बारावीनंतरच्या सीईटीत पेपर अनेक सत्रांत होतो आणि शेकडेवारीऐवजी पर्सेंटाइल देतात. पुष्कळ पालक मला विचारतात की तेच हे का. ते हे नव्हे. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रात आपल्यामागे किती टक्के मुलं. त्यात प्रत्येक सत्रातला मुलांचा समूह सारखाच हुशार आहे असं धरलेलं असतं. हजारो मुलं सत्रांत विखरून बसवली तर ते बऱ्यापैकी खरं ठरतं. पिंगुळीच्या वीस मुलांच्या वर्गात ते धरता येत नाही. तिथे समूह सारखे आहेत की नाहीत हेच शोधायचं असतं, आणि त्यासाठी समान प्रश्नांशिवाय मार्ग नाही.

या सिद्धान्ताची एक अट मी विसरत नाही. सगळे प्रश्न एकाच क्षमतेचे असले पाहिजेत. गणिताच्या प्रश्नातली मराठी मुलाला समजली नाही आणि तो चुकला, तर पट्टी गणिताची राहत नाही. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी शब्द अडतो, आणि तक्त्यात तो गणितात कच्चा दिसतो. त्याच क्षमतेच्या दुसऱ्या मुलाला तो शब्द अडत नाही. असा प्रश्न नांगर म्हणून वापरू नये. हे सूत्र सांगत नाही. ते वर्गातल्या शिक्षकालाच कळतं.

तक्ते पाहिल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. ती तेव्हा नववीत होती. वडिलांसमोर मी सांगितलं की त्या वर्षी माझा पेपर कठीण निघाला होता, ती भावाच्या बरोबरीची होती, आणि जादा तासाला तिला न बसवण्यात माझी चूक झाली. जादा तास मिळाला असता तर तिला शिष्यवृत्ती मिळाली असती असं मी म्हणालो नाही, कारण तसं सांगायला माझ्याकडे काही आधार नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘पेपर कठीण होतो, ह्या मी तेव्हाच सांगलंय ना?’

माझ्यासारख्या शिक्षकांना मी दोन गोष्टी सुचवतो. दोन्हींना संगणक लागत नाही. नवा सराव पेपर काढताना पाचातला एक प्रश्न जुना ठेवा, तो पेपर परत गोळा करा, आणि पुढच्या वर्षी आधी त्या प्रश्नांचे टक्के शेजारी मांडा. त्यानंतरच यंदाचा वर्ग कसा आहे ते बोला. आणि बेरजेच्या रकान्याआधी एकेका प्रश्नाचा रकाना वरून खाली वाचा. मूल ‘पेपर कठीण होता’ म्हणालं, तर तो बहाणा आहे की माहिती, हे तुमच्याच तक्त्यात लिहिलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नका.